स्लाइड फोनवर वाचली जात नाही? वाक्ये कापण्याआधी आणि कापताना काय तपासायचे

प्रशिक्षणाच्या स्लाइड हॉलमधल्या पडद्यावर ठीक दिसतात. त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकल्या की कुणी वाचत नाही. ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते. सोलापुरात प्रशिक्षण डाळिंबाचे असो, बचत गटाचे असो की टॉवेल कारखान्यातल्या नव्या कामगारांचे, बिघाड जवळजवळ एकच असतो. स्लाइडवर पूर्ण वाक्ये असतात आणि वाचणाऱ्याच्या हातात सात सेंटिमीटर रुंदीचा पडदा असतो.

या दुरुस्तीला एक क्रम आहे. स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, डोके खाणाऱ्या नंतर. बरेच जण थेट वाक्ये कापायला बसतात आणि तासाभराने कळते की निम्मा दोष दुसरीकडेच होता. म्हणून क्रम मोडू नका.

उदाहरण म्हणून डाळिंबावरच्या तेल्या रोगाची एकच स्लाइड शेवटपर्यंत घेतो. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या बागायतदारांसाठी अशा स्लाइड दर हंगामात बनतात आणि दर हंगामात त्याच चुकांसह बनतात.

लक्षणे

सगळ्यात खात्रीचे लक्षण म्हणजे स्लाइडवर जे लिहिले आहे तेच लोक पुन्हा विचारतात. "साहेब, कात्री कधी बुडवायची, सगळी बाग झाल्यावर की मधी मधी?" उत्तर तिसऱ्या स्लाइडच्या दुसऱ्या ओळीत असते. विचारणारा आळशी नसतो, त्याला ते दिसलेले नसते.

दुसरे लक्षण कुणाच्या तरी शेजारी बसून पाहावे लागते. माणूस दोन बोटांनी स्लाइड मोठी करतो, मग ओळ वाचायला ती डावीकडून उजवीकडे सरकवतो, ओळ संपली की पुन्हा डावीकडे येतो आणि खालची ओळ शोधताना चुकून वरचीच वाचतो. दुसऱ्या स्लाइडवर हेच झाले की फोन खिशात जातो.

तिसरे लक्षण बनवणाऱ्याच्या संगणकावरच दिसते. मजकूर टाकत गेले की अक्षरे आपोआप लहान होत जातात आणि स्लाइड कधीच भरत नाही. ही सोय वाटते, पण बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

आणखी एक लक्षण आहे, पण तो वेगळा रोग आहे. फोनवर अक्षरांऐवजी चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल तर तो फॉन्टचा प्रश्न आहे. तिथे वाक्ये कापून काही होणार नाही. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

पहिली तपासणी: स्वतःला पाठवा आणि फोन उभा धरा

याला खर्च शून्य. फाईल पीडीएफ करून स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोन उभा धरा, बोटांनी मोठे करू नका आणि एका स्लाइडवरचा मजकूर वाचून पाहा. जमल्यास दुपारी बाहेर उन्हात उभे राहून वाचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि बागेत उभ्या माणसाला फोनवर अक्षरांआधी स्वतःचा चेहरा दिसतो. तुमचा ग्राहक तिथे उभा आहे, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली नाही.

फोन आडवा करून पाहण्याचा मोह होईल. करू नका. बहुतेकांच्या फोनवर आपोआप फिरण्याची सोय बंद असते आणि ग्रुपवरची फाईल बघायला कुणी ती चालू करत नाही.

डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, याचे कारण आहे. स्लाइडचा फोटो करून टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो, कारण रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकाराची शेपटी या सगळ्या बारीक खुणा आहेत. पीडीएफमध्ये अक्षर कितीही मोठे केले तरी स्वच्छ राहते. फोटो पाठवायची सवय असेल तर आधी ती बदलून बघा. कधी कधी तेवढ्यावरच काम भागते आणि पुढचे काही करावे लागत नाही.

दुसरी तपासणी: अक्षरे आपोआप लहान होणे बंद करा

पॉवरपॉइंटमध्ये मजकुराच्या चौकटीवर राइट क्लिक करून `Format Shape` उघडा, तिथे `Text Options` आणि त्यात `Text Box` मध्ये जा. `Shrink text on overflow` निवडलेले असेल तर ते काढून `Do not Autofit` निवडा. गूगल स्लाइड्समध्ये `Format options` मधल्या `Text fitting` खाली हीच निवड मिळते.

हे केल्याबरोबर मजकूर चौकटीतून खाली ओघळेल. घाबरू नका, खरी अवस्था आता दिसते आहे. आधी स्लाइड "मावते" असे वाटत होते, कारण २८ पॉइंटचे अक्षर गुपचूप १८ वर गेले होते. जितका मजकूर चौकटीबाहेर लोंबतो, कमीत कमी तेवढा कापायचा आहे. वाक्ये कापण्याआधी ही तपासणी करायची ती यासाठीच. नाहीतर तुम्ही दहा शब्द कापाल, संगणक अक्षर थोडे मोठे करेल आणि कामाचा अंदाजच येणार नाही.

तिसरी तपासणी: पाचाने भागा

आता थोडा हिशेब, पण सोपा. पॉवरपॉइंटची नेहमीची १६:९ स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. उभ्या धरलेल्या फोनच्या पडद्याची रुंदी साधारण २.७ इंच. म्हणजे स्लाइड जवळजवळ एकपंचमांश होते. स्लाइडवरच्या आकड्याला पाचाने भागले की हातात पडणारा आकार कळतो. २८ पॉइंटचे साडेपाच होतात, आणि आपोआप लहान होऊन १८ वर गेलेले अक्षर साडेतीनवर येते. औषधाच्या वेष्टनावरची बारीक सूचनासुद्धा याहून मोठी असते.

फोनवर निदान आठ पॉइंट पडावेत असे धरले तर १६:९ स्लाइडवर ४० पॉइंट हवेत. हा आकडा ऐकून लोक दचकतात. "मग मावणार काय?" फार थोडे मावणार. एक मथळा आणि खाली मोकळ्या मोकळ्या चार ओळी. चारच का? देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

फॉन्टही पाहा. सगळ्या देवनागरी फॉन्टचे ४० पॉइंट सारखे दिसत नाहीत. कोकिळा त्याच आकड्याला बारीक दिसतो, निर्मला किंवा मुक्त भरीव दिसतात. आकड्यावर विसंबू नका, पहिल्या तपासणीतला फोन पुन्हा हातात घ्या.

चौथी तपासणी: आता वाक्ये

इथपर्यंत अर्धा तास जातो. खरे काम यापुढे आहे. ही आपली स्लाइड:

> डाळिंबावरील तेल्या रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन – भाग २
>
> छाटणी करताना वापरली जाणारी कात्री ही प्रत्येक झाडाची छाटणी झाल्यानंतर जंतुनाशक द्रावणात बुडवून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण रोगाचे जिवाणू कात्रीच्या माध्यमातून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मोठ्या प्रमाणात पसरतात. छाटणीनंतर खाली पडलेली रोगट पाने, फांद्या व फळे बागेतच न ठेवता गोळा करून बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. बागेत पाने ओली असताना किंवा पाऊस सुरू असताना छाटणीचे काम करू नये. तसेच नवीन लागवडीसाठी रोगग्रस्त बागेतील गुटी कलमे वापरू नयेत.

मथळा सोडून ६७ शब्द. माहिती बरोबर आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. जिवाणू जखमेतून झाडात शिरतो आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी, अवजारांनी व रोगट कलमांनी पसरतो. म्हणून पाऊस आणि दमट हवा अंगावर घेणाऱ्या मृग बहाराला त्याचा त्रास जास्त. स्लाइडमध्ये चूक काहीच नाही, पण वाचायला कुणी थांबत नाही.

सुरुवात वाक्याच्या शेपटीपासून करा. "घेणे अत्यंत आवश्यक आहे", "करण्यात यावी", "करणे गरजेचे ठरते" या शेपट्या कार्यालयीन पत्रांतून स्लाइडवर येतात. तिथे साधी आज्ञा पुरते: बुडवा, गोळा करा, नष्ट करा. मग मधली भर काढा. "वापरली जाणारी", "च्या माध्यमातून", "मोठ्या प्रमाणात", "सदर", "तसेच", कर्त्यामागचा "ही". पहिले वाक्य आता असे उरते: "प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवा, कारण कात्रीतून जिवाणू पसरतात." २९ शब्दांचे १० झाले आणि काही हरवले नाही.

हे शोधा-आणि-बदला लावून एका झटक्यात करायचा मोह होतो. "करावी" शोधून "करा" टाकले की "करावीत" चे "करात" होते. मराठी क्रियापदाला पुढे काहीतरी चिकटलेले असतेच. शोधायला संगणक वापरा, बदलायला हात.

आता मथळ्याकडे या. स्लाइडवरची सगळ्यात मोठी अक्षरे मथळ्याची असतात आणि ती "एकात्मिक व्यवस्थापन – भाग २" यात खर्ची पडतात. फोनवर सहज वाचता येते तेवढीच एक ओळ, आणि तीच काही सांगत नाही. कारण मथळ्यात न्या, कृती खाली ठेवा:

> कात्रीतून तेल्या पसरतो
>
> एक झाड झाले की
> कात्री द्रावणात बुडवा

मथळा धरून दहा शब्द. "कारण" हा शब्द गेला, पण कारण राहिले. वाचणाऱ्याने फक्त मथळा वाचला आणि स्क्रोल केले तरी त्याला निम्मी गोष्ट कळलेली असते.

शब्द जास्त कापले जाऊ शकतात का? हो, आणि हुशार माणसांकडून ते जास्त होते. "कात्री निर्जंतुकीकरण" असे दोनच शब्द ठेवून समाधान मानणारे मला दर महिन्याला भेटतात. वाक्य कापताना क्रियापद गेले की उरतो नामांचा ढीग: निर्जंतुकीकरण, नियोजन, अवलंब. हे शब्द लांब असतात, फोनवर एकेक शब्द अर्धी ओळ खातो आणि तरीही काय करायचे, कधी करायचे हे सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे बरेच आहेत. त्यांना "बुडवा" लगेच कळते, "निर्जंतुकीकरण" वर ते अडखळतात. वरच्या प्रश्नातला बागायतदार "कधी" विचारत होता. तुकड्यात "एक झाड झाले की" नसेल तर तो पुन्हा विचारणारच.

माझा साधा नियम असा आहे की तुकड्यात कृती राहिली पाहिजे आणि तिची वेळ, अट किंवा आकडा राहिला पाहिजे. बाकी सगळे वाटाघाटीला मोकळे.

पाचवी तपासणी: "नये" कुठे गेले?

ही तपासणी मी कधीच टाळत नाही, कारण इथली चूक नुकसान करते.

मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. आणि आपण कापतो ते शेवटापासून. "पाने ओली असताना छाटणीचे काम करू नये" याची शेपटी घाईत उडवली की स्लाइडवर राहते "पाने ओली असताना छाटणी". हा उलटा सल्ला झाला. वर हा तुकडा "करा" वाल्या तुकड्यांच्या यादीत बसला असेल तर वाचणारा त्याला करायचे काम म्हणूनच घेणार. ओल्या झाडावर कात्री चालवणे म्हणजे ताज्या जखमा आणि पाणी एकत्र आणणे. तेल्याला याहून सोयीचे काही नाही.

न कापताही घोटाळा होतो. फोनवर ओळ भलतीकडे तुटते, "छाटणी करू" वर राहते आणि "नये" एकटे खाली पडते. घाईने वाचणारा दर ओळीचा पहिला भाग वाचतो. म्हणून नकार उचलून पुढे आणा:

> छाटणी नको
>
> पाने ओली असताना
> किंवा
> पाऊस चालू असताना

"किंवा" मुद्दाम ठेवले आहे. ते काढून स्वल्पविराम टाकला की काही जण दोन्ही अटी एकदम लागतात असे समजतात: पाऊस थांबला, पाने ओली आहेत, पण पाऊस नाही ना, मग चालवा कात्री. तिरकी रेघ टाकली तरी तोच घोळ. एक शब्द वाचवून एवढी जोखीम घेऊ नका.

लाल रंगावरही सोडू नका. उन्हात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात आणि कुणी काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढली तर उरतेच काय? रंग लावा, पण "नको" हा शब्द तिथे असलाच पाहिजे.

नकाराचे भाऊबंद म्हणजे "आधी", "नंतर", "पर्यंत", "फक्त", "सोडून", "शिवाय". हे दिसायला छोटे, बरेचदा आधीच्या शब्दाला चिकटलेले, म्हणून कापताना सहज निसटतात. तुकडे तयार झाले की मूळ मजकुराची प्रत शेजारी ठेवा, त्यातल्या अशा प्रत्येक शब्दाला गोल करा आणि नव्या स्लाइडवर तो किंवा त्याचे काम करणारे काही आहे का ते एकेक करून जुळवा. कंटाळवाणे आहे, पण दहा मिनिटांचे काम आहे.

सहावी तपासणी: एका स्लाइडच्या किती स्लाइड?

आपल्या मूळ स्लाइडवर चार वेगळ्या कृती होत्या. त्यातल्या दोन झाल्या. उरलेल्या दोन अशा:

> रोगट पाला बागेत ठेवू नका
>
> पाने, फांद्या, फळे गोळा करा
> बागेबाहेर नेऊन नष्ट करा

> नवी लागवड करताना
>
> रोगट बागेची गुटी नको

एकाच्या चार झाल्या. इथे आयोजक हमखास अडतात. "वीस स्लाइडच्या ऐंशी होतील, कोण बघणार?" फोनवर स्लाइड मोजत कुणी बसत नाही, अंगठ्याने वर सरकवत जातात. चार मोकळ्या स्लाइड सरकवायला एक गच्च स्लाइड वाचण्यापेक्षा कमी वेळ लागतो. तरी ऐंशी झाल्याच तर प्रश्न स्लाइडचा राहत नाही, एका फाईलमध्ये तीन प्रशिक्षणे कोंबली आहेत. छाटणीची फाईल वेगळी, फवारणीची वेगळी, लागवडीची वेगळी करा आणि ज्या आठवड्यात जे काम असते त्या आठवड्यात ती पाठवा.

ओळ कुठे तोडायची हे संगणकावर सोडू नका. अर्थ जिथे श्वास घेतो तिथे `Shift+Enter` दाबून ओळ तोडा. "एक झाड झाले की" एका ओळीत, "कात्री द्रावणात बुडवा" दुसऱ्या ओळीत. आकडा आणि त्याचे एकक कधीच दोन ओळींत जाऊ नये. त्यांच्यामध्ये `Insert` मधल्या `Symbol` मधून `No-Break Space` म्हणजे न तुटणारी जागा घाला.

कापलेली वाक्ये फेकू नका. ती स्लाइडखालच्या नोट्समध्ये ठेवा, हॉलमध्ये बोलणाऱ्याला तीच लागतात. पण लक्षात ठेवा, नेहमीच्या पद्धतीने पीडीएफ केली की नोट्स तिच्यात जात नाहीत. म्हणजे फोनवरच्या माणसाकडे ना बोलणारा आहे, ना नोट्स. म्हणून तुकडा एकट्याने उभा राहतो का हे पाहायचे. प्रशिक्षणाला न आलेल्या कुणालाही, घरातल्या माणसालासुद्धा, स्लाइड दाखवा आणि विचारा: "हे वाचून तू काय करशील, आणि कधी?" त्याने उत्तर दिले की स्लाइड पास. "म्हणजे?" असे विचारले की त्याच जागी शब्द कमी पडले आहेत. परत घाला, लाजू नका.

सातवी तपासणी: स्लाइडचा आकारच बदलणे

एवढे करूनही अक्षर बारीक वाटले, किंवा फाईल फक्त फोनसाठीच असेल, तर स्लाइड उभी करा. हे शेवटी ठेवले आहे, कारण यात सगळी चित्रे आणि चौकटी पुन्हा लावाव्या लागतात. आधी फाईलची प्रत करा. मग `Design` मध्ये `Slide Size`, त्यात `Custom Slide Size`, आणि रुंदी ७.५, उंची १३.३३ इंच. पॉवरपॉइंट `Maximize` की `Ensure Fit` असे विचारेल. `Ensure Fit` घ्या, म्हणजे काही कापले जाणार नाही, फक्त लहान होईल. मग अक्षरे हाताने मोठी करा.

आता स्लाइडच ७.५ इंच रुंद असल्याने उभ्या फोनवर ती तिपटीहून थोडी कमी दबते. २८ पॉइंटचे अक्षर दहा पॉइंटला पडते. ओळीत चार-पाच शब्द बसतात आणि आपले तुकडे तेवढेच आहेत.

पण हीच फाईल हॉलमध्ये लावली की पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि मागच्या रांगेला काही दिसत नाही. दोन्हीकडे एकच फाईल चालवायची सक्ती असेल तर ४:३ घ्या. ती १० इंच रुंद असते आणि तिच्यावरचे ३२ पॉइंट फोनवर साडेआठच्या आसपास पडतात. दोन्हीकडे उत्तम नाही, दोन्हीकडे चालण्यासारखे आहे. जमत असेल तर मी दोन फायली करायला सांगतो.

इथे थांबा

काही मजकूर आपण कापायचा नसतो, कितीही लांब असला तरी.

औषधाचे प्रमाण त्यातले पहिले. एक टक्का बोर्डो मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. हे "मोरचूद १, चुना १, पाणी १००" असे कापलेले मी पाहिले आहे. पंधरा लिटरच्या पंपाशी उभ्या माणसाने त्याचा काय अर्थ लावायचा? इथे एककासह पूर्ण आकडे, हवे तर एका स्लाइडवर एकच मिश्रण. फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस, दोन औषधे एकत्र करण्याबद्दलच्या सूचना, कात्रीच्या द्रावणाची तीव्रता यांतले काहीही लहान करायचे असेल तर तुकडे करून कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवा. त्याने होकार दिल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. आपल्याला भाषा कळते, औषध कळत नाही, आणि तुकडा नीट वाचता येतो म्हणून तो बरोबर ठरत नाही.

योजनांचे पात्रतेचे निकष, कर्जाच्या अटी, विम्याची मुदत यांचेही तसेच. स्लाइडवर "मुदत आणि अटी मूळ पत्रकात पाहा" एवढेच लिहा आणि पत्रक वेगळे जोडा.

दुसरी थांबायची जागा म्हणजे जुने फॉन्ट. फाईल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर ती तुमच्या संगणकावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे असतात. फोनवर पीपीटी म्हणून उघडली की तीच बाहेर येतात. पीडीएफ करून पाठवले तर वाचता येते, म्हणून घाईच्या वेळी तो मार्ग चालतो. पण वाक्ये कापायची तर मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो आणि रूपांतर करणाऱ्या साधनांत रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा बदलतात. पाच-दहा स्लाइड असतील तर सरळ पुन्हा टाइप करा, ते लवकर होते. शंभर असतील तर डीटीपीवाल्याकडे द्या. देताना मूळ फाईल, फॉन्टचे नाव आणि जुन्या स्लाइडची छापील प्रत तिन्ही द्या, कारण रूपांतरानंतर मुद्रितशोधनाला ताडून पाहायला छापील प्रतीशिवाय दुसरे काही नसते.